५ एचपीच्या पंपाला कपॅसिटर किती? हिशोब ३ सांगतो, बसवायचा मात्र २ चा

प्रश्न : साहेब, मुरबाड तालुक्यात काळू नदीकाठी आमचा ५ एचपीचा थ्री फेज कपलिंगवाला पंप आहे, भेंडीला पाणी देतो. टाँग टेस्टर ९ अँपिअर दाखवतो, व्होल्टेज ४१५. मीटरवर 800 imp/kWh लिहिलंय आणि पंप चालू असताना लाल दिवा मिनिटाला ६२ वेळा लुकलुकतो. वायरमन म्हणतो ३ केव्हीएआरचा कपॅसिटर लाव, दुकानदार म्हणतो २ चा पुरे. कोणाचं ऐकू?

उत्तर : दुकानदाराचं ऐका. पण वायरमनने आकडा हवेतून काढलेला नाही, तो कसा निघतो ते आधी पाहू.

दिवे मोजताना पंपघरातला बल्बसुद्धा बंद होता असं धरतो. मग ८०० लुकलुकीला एक युनिट, म्हणजे ६२ × ६० ÷ ८०० = ४.६५ किलोवॅट. मोटर खरोखर खाते ती ही शक्ती. यातूनच पाणी वर चढतं आणि थोडी उष्णतेत जाते. आता टेस्टरचा आकडा घ्या : १.७३२ × ४१५ × ९ = ६४७० व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ६.४७ केव्हीए. तारांवर भार पडतो तो एवढा. ४.६५ ला ६.४७ ने भागलं की ०.७२, हा तुमचा पॉवर फॅक्टर.

दोन आकड्यांमधली तफावत सरळ वजाबाकीने काढू नका, १.८२ येईल आणि ते चूक आहे. दोघांचे वर्ग करून वजा करायचे आणि मग वर्गमूळ काढायचं. ४१.९ वजा २१.६ म्हणजे २०.३, त्याचं वर्गमूळ ४.५. हे ४.५ केव्हीएआर मोटरच्या आत चुंबकक्षेत्र उभं करायला लागतात. ते लाइनमधून येतात आणि परत जातात, काम काही करत नाहीत, पण तार मात्र तापवतात.

पॉवर फॅक्टर ०.९५ करायचा, तर ४.६५ किलोवॅटला साधारण १.५ केव्हीएआर चालतात. म्हणजे वरचे ३ कपॅसिटरने द्यायचे. वायरमनचा आकडा हाच.

अडचण वीज गेल्यावर येते. स्टार्टर सुटतो, पण कपॅसिटर मोटरलाच जोडलेला राहतो आणि रोटर अजून फिरत असतो. कपॅसिटर मोठा असेल तर त्याच्याच जोरावर मोटर क्षणभर जनरेटर होते, टर्मिनलवर नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज चढतं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन मार खातं. म्हणून नियम असा, की मोटरला थेट जोडायचा कपॅसिटर तिच्या नो-लोड केव्हीएआरच्या ९० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. कपलिंगचे बोल्ट काढून मोटर नुसती फिरवा आणि अँपिअर बघा. ४ आले असं धरलं, तर १.७३२ × ४१५ × ४ म्हणजे जवळपास २.९ केव्हीएआर, कारण रिकामी मोटर घेते तो करंट बहुतेक चुंबकक्षेत्रासाठीच असतो. त्याचे ९० टक्के २.६. तीन त्यात बसत नाही, दोन बसतो. तुमचा आकडा ४ पेक्षा बराच कमी आला तर २ सुद्धा पुन्हा तपासा.

२ चा लावल्यावर उरतात २.५ केव्हीएआर. पॉवर फॅक्टर ०.८८ च्या आसपास जातो आणि लाइनचा करंट ९ वरून ७.३ वर येतो. तारेतला तोटा करंटच्या वर्गाने घटतो, म्हणून मीटरपासून पंपघरापर्यंतच्या केबलमधला तोटा जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो. उरलेल्या १ साठी वेगळा काँटॅक्टर वगैरे खटाटोप या पंपाला करावा असं मला वाटत नाही. मोटर स्वतः मात्र पूर्वीइतकेच ९ अँपिअर घेत राहील, फायदा कपॅसिटरच्या मागच्या, लाइनकडच्या तारेला. म्हणून तो पंपघरातच लावा, मीटरच्या खांबावर नको. युनिटही जेमतेमच कमी होतील, बिल अर्धं होईल असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

विकत घेताना डब्यावरचं व्होल्टेज वाचा. ४४० व्होल्टला २ लिहिलेला कपॅसिटर ४१५ वर १.८ च देतो, आणि संध्याकाळी व्होल्टेज ३५० वर आलं की आणखी कमी. जोडणी स्टार्टरचा काँटॅक्टर आणि ओव्हरलोड रिले यांच्या मधे करून घ्या, म्हणजे रिलेचं सेटिंग बदलावं लागत नाही. रिलेच्या पुढे, मोटरच्या टर्मिनलला जोडलात तर रिलेला कमी करंट दिसतो, तेव्हा सेटिंगही त्या प्रमाणात खाली आणायला हवं, नाहीतर मोटर जळाली तरी रिले सुटणार नाही.

बसवल्यावर कपॅसिटरच्या तिन्ही तारांवर टेस्टर लावून बघा. ४१५ चा डबा असेल तर प्रत्येकीत २.८ अँपिअरच्या आसपास दिसेल. एखाद्या तारेत बराच कमी दिसला तर आतला एक भाग गेलाय, किंवा जोड सैल आहे. डबा फुगलेला दिसला तर तपासत बसू नका, बदला. हात लावण्याआधी मेन बंद करून किमान पाच मिनिटं थांबा आणि व्होल्टमीटरने टर्मिनल शून्य असल्याची खात्री करा. वीज बंद असली तरी कपॅसिटर झटका देतो.