लग्नाचा वाढदिवस विसरलो, पत्नीची माफी कशी मागावी?

प्रश्न: रावेरला केळीची गाडी भरून देण्याच्या गडबडीत काल लग्नाचा वाढदिवस साफ विसरलो. पत्नी काही बोलत नाही. माफी कशी मागू?

उत्तर: आजच, घरातील इतर मंडळी जवळ नसताना, तिच्यासमोर बसून सांगा: “काल आपल्या लग्नाचा वाढदिवस होता आणि मी तो विसरलो. तू दिवसभर वाट पाहिलीस, माझे चुकले.” एवढे बोलून थांबावे. जळगावात दांपत्यांच्या समुपदेशनाचे काम करताना मला वारंवार दिसले आहे की माफी बहुधा क्रियापदात बिघडते. “राहून गेले”, “लक्षात आले नाही” अशा वाक्यांत चूक करणारा कोणीच उरत नाही, तर “विसरलो” म्हणताच तो समोर उभा राहतो. “तुला वाईट वाटले असेल तर” यातील “तर” दोष तिच्या मनावर ढकलतो. केळीच्या गाडीचा उल्लेखही नको, कारण ते कारण खरे असले तरी ऐकणाऱ्याला ती सबबच वाटते. साडी किंवा दागिना त्याच वेळी पुढे केल्यास विषय मिटवण्याची घाई दिसते (माझ्या मते तो दोन दिवसांनी द्यावा). मात्र हा विसर दरवर्षीचा असेल, तर केवळ शब्द पुरणार नाहीत. ती मागील वर्षांचेही बोलेल आणि ते मध्येच न तोडता ऐकावे लागेल.