विसरायला सांगू नका

“ताई, आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन आले, पण रात्री ओरडत उठतात. नरकासुराच्या रात्री फटाके सुरू झाले की खोलीचं दार लावून बसतात. आम्ही घरात तो विषयच काढत नाही. असं केलं तर हळूहळू विसरतील ना?”

नाही. डिचोली, पेडणे भागातल्या कितीतरी वहिनींना मी हेच सांगत आले आहे.

पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश लष्करी डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सैनिकांच्या अशाच त्रासासाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला, तेव्हा स्फोटाच्या हादऱ्याने मेंदू दुखावतो असा समज होता. पण ज्यांच्या जवळपास तोफगोळा फुटलाच नव्हता, अशांचीही वाचा जायची, हात थरथरायचे. म्हणजे घाव मनावरही होता. पुष्कळांना मात्र भित्रे ठरवलं गेलं.

एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ डॉ. रिव्हर्स यांच्याकडे त्याच युद्धातला एक अधिकारी आला. मित्राला शोधायला गेला असता त्याला दिसलं होतं छिन्नविच्छिन्न शरीर. ‘विसर’ हा सल्ला तो दिवसभर नेटाने पाळायचा आणि रात्री तोच मित्र त्या अवस्थेत स्वप्नात यायचा. रिव्हर्स यांनी त्याच दृश्यातली एक बाजू दाखवली: शरीराची ही दशा झाली, याचा अर्थ मृत्यू तत्क्षणी आला, तो तळमळला नाही. पुढच्या स्वप्नात तो मित्राशेजारी गुडघे टेकून, घरच्यांना पाठवायला त्याच्या वस्तू गोळा करत होता. जाग आली तेव्हा भीती नव्हती, दुःख होतं.

मी याच वाटेने जाते. आमच्या एका सुभेदारांची गोष्ट दरवेळी एकाच जागी थांबायची: सहकारी कोसळला, रक्त. आधी झोप आणि श्वास थोडा ताळ्यावर आणला, मग एकदा विचारलं, “पुढे?”

“पुढे काय मॅडम, संपलं.”

“तुमचे हात कुठे होते?”

बराच वेळ गेला. “त्याच्या जखमेवर. दाबून धरले होते. तो माझ्याकडे बघत होता.” मग ते रडले. “एकटा नव्हता तो.”

आठवण सर्वांत भयंकर क्षणी तुटते आणि माणूस तिथेच अडकतो. पुढचा तुकडा जोडला की ती जुनी होऊ लागते, यावर माझा अनुभवाने विश्वास बसला आहे. सुभेदारांची स्वप्नं विरळ झाली, थांबली नाहीत.

पण प्रत्येक आठवणीत असा तुकडा सापडत नाही. रिव्हर्स यांच्या एका रुग्णाच्या अनुभवात सुसह्य असं काहीच नव्हतं; तिथे त्यांचा हा उपाय चालला नाही. म्हणून वहिनी, घरी खोदून विचारू नका. ते बोलले तर ऐका, “झालं गेलं सोडा” म्हणू नका. झोपेत ओरडले तर हात लावून हलवू नका, थोडं लांबूनच नावाने हाक मारा. फटाक्यांची वेळ आधी सांगून ठेवा; न कळता आलेला आवाजच जास्त झोंबतो. दारू वाढली किंवा मरणाची भाषा आली, तर थांबू नका: बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो.