ग्राहक कशावर पाणी सोडतो?

प्रश्न : गिऱ्हाइकांना विचारलं, फोनमध्ये काय हवं? बॅटरी, स्टोरेज, कमी किंमत, सगळंच म्हणतात. मग दिवाळीला माल कोणता भरू? (मोबाईल दुकानदार, मेन रोड, नाशिक)

एकेक गोष्ट सुटी विचारली की कुणालाच काही सोडावं लागत नाही, म्हणून सगळंच हवं असतं. त्याऐवजी पूर्ण फोन समोर ठेवा आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायला सांगा. कॉन्जॉइंट ॲनालिसिसचा गाभा एवढाच. ग्रीन आणि राव यांनी 1971 मध्ये ही पद्धत बाजार संशोधनात आणली. चार कार्डं पुरतील. पुढचे गुण एका ग्राहकाचे आहेत असं समजू :

15,000 रुपये, 4000 एमएएच, 256 जीबी : 5
15,000 रुपये, 6000 एमएएच, 128 जीबी : 8
20,000 रुपये, 4000 एमएएच, 128 जीबी : 2
20,000 रुपये, 6000 एमएएच, 256 जीबी : 7

कार्डांची जुळणी मुद्दाम अशी आहे. प्रत्येक किमतीला दोन्ही बॅटऱ्या आणि दोन्ही स्टोरेज एकेकदा येतात, त्यामुळे एकाचा परिणाम दुसऱ्यात मिसळत नाही.

प्रश्न : या गुणांवरून आवड कशी काढायची? (एमबीएची विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

सरासरीने. मोठ्या बॅटरीच्या दोन कार्डांची सरासरी 7.5, लहान बॅटरीची 3.5, फरक 4. स्वस्त फोनांची 6.5, महागांची 4.5, फरक 2. स्टोरेजचा फरक फक्त 1. एकूण 7 पैकी बॅटरीचा वाटा 57 टक्के, किमतीचा 29, स्टोरेजचा 14.

आता याचे रुपये करून बघा, मला तर यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. 5,000 रुपयांनी 2 गुण हलतात, म्हणजे एक गुण 2,500 रुपयांचा. जादा स्टोरेजसाठी हा ग्राहक साधारण तेवढेच मोजेल. बॅटरीचे मात्र 10,000 निघतात आणि त्या आकड्यावर मी विसंबणार नाही. आपण किमतीत फक्त 5,000 चा फरक दाखवला होता. त्यापलीकडे तो कसा वागेल हे कार्डांनी विचारलेलंच नाही.

प्रश्न : किंमत 29 टक्केच महत्त्वाची असेल तर भाव वाढवायला हरकत नाही ना? (वितरक, सिडको)

हरकत आहे. हे टक्के तुम्ही निवडलेल्या पल्ल्याचे असतात. महाग फोन 20,000 ऐवजी 30,000 चा ठेवला असता, तर त्याचे गुण आणखी घसरले असते आणि किमतीचा वाटा वाढला असता.

शिवाय चार गुणांतून चार गोष्टी काढल्या : एक सरासरी आणि तीन फरक. चूक पकडायला जागाच उरली नाही. म्हणून पाचवं कार्ड दाखवा : 20,000 रुपये, 6000 एमएएच, 128 जीबी. सगळ्यांची सरासरी 5.5. प्रत्येक फरक निम्मा सरासरीच्या वर आणि निम्मा खाली पडतो, म्हणून त्यातून महाग किमतीचा 1 आणि कमी स्टोरेजचा अर्धा वजा करा, बॅटरीचे 2 मिळवा. अंदाज येतो 6. ग्राहकाने 5 किंवा 7 दिले तर ठीक. 3 दिले, तर नुसती बेरीज इथे लागू पडत नाही; कदाचित महाग फोनात त्याला कमी स्टोरेज जास्तच खटकतंय. तेव्हा आठही जोड्यांची कार्डं करून पुन्हा विचारा.