२० ते ५० केबीची अट: फोटो नेमका कुठे अडतो

प्रश्न: बँक भरतीच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीत हवा आहे. मोबाइलवर काढलेला माझा फोटो ३.८ एमबीचा आहे. अ‍ॅपने ५० केबीपर्यंत दाबला तर चेहऱ्यावर चौकोन दिसतात. काय करू?

अ‍ॅपने पिक्सेल तसेच ठेवले आणि नुसती गुणवत्ता उतरवली, म्हणून असं झालं. जेपीईजी पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची माहिती वेगवेगळी साठवली जाते. तुमचा फोटो बहुधा ३००० बाय ४००० पिक्सेलचा असेल. त्यात असे सुमारे १ लाख ८७ हजार चौकोन होतात. ५० केबी त्या सगळ्यांत वाटले, तर एका चौकोनाच्या वाट्याला जेमतेम २ बिट येतात. तेवढ्यात त्या जागेचा सरासरी रंग कसाबसा मावतो. डोळा, भुवई, केस यांचा तपशील मावत नाही. तुम्हाला चेहऱ्यावर दिसले ते हेच चौकोन.

आता फॉर्ममधली अट बघा. आयबीपीएसच्या सूचनांमध्ये फोटोसाठी २०० बाय २३० पिक्सेल हे पसंतीचं माप दिलेलं असतं. या मापात चौकोन होतात फक्त ७२५. तेच ५० केबी त्यांच्यात वाटले तर प्रत्येकाला ७० बाइट मिळतात, आणि ते भरपूर झाले. म्हणून आधी पिक्सेल कमी करायचे आणि गुणवत्तेला शेवटी हात लावायचा.

पहिलं काम कातरण्याचं. ३००० बाय ४००० चा फोटो थेट २०० बाय २३० मध्ये बसवला तर चेहरा बसका आणि रुंद दिसेल, कारण दोन्ही मापांचं प्रमाण वेगळं आहे. चेहरा आणि खांदे येतील असा १६०० बाय १८४० पिक्सेलचा तुकडा कापा. हे प्रमाण फॉर्मच्या मापाशी बरोबर जुळतं. मग तो तुकडा आठपट लहान केला की २०० बाय २३० चा फोटो तयार होतो आणि चेहरा जराही ताणला जात नाही. संगणकावर जिंप हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर `Scale Image` मध्ये हे माप भरा आणि `Export As` करून जेपीईजी निवडा. तिथे `Quality` ची पट्टी सरकवताना `Show preview in image window` वर खूण केलेली असेल, तर फाइल किती केबीची होणार ते आधीच दिसतं.

ही पट्टी ८० वर ठेवली तर फाइल २० केबीच्या खाली जाण्याची शक्यता मोठी असते, आणि मग फॉर्म उलट कारणाने नाकारतो. म्हणून ९५ पासून सुरुवात करा आणि आकडा ३० ते ४५ केबीच्या दरम्यान आला की थांबा. अगदी ४९.९ वर नेऊ नका. काही ठिकाणी १ केबी म्हणजे १०२४ बाइट धरतात, काही ठिकाणी १०००. या फरकामुळे काठावरची फाइल एका यंत्रावर बसते आणि दुसऱ्यावर बसत नाही.

प्रश्न: सहीची फाइल १० ते २० केबी मागितली आहे. माझी ४ केबीचीच होते. मोठी कशी करायची? नेटवर कोणी सांगतं की फाइलच्या शेवटी रिकामा मजकूर जोडा.

रिकामा मजकूर जोडू नका. फाइलचा आकडा वाढेल, पण सर्व्हरने ती फाइल उघडून पुन्हा साठवली की तो भाग गळून पडतो. काही तपासण्या तर अशी फाइल बिघडलेली समजून परत पाठवतात.

सहीची फाइल लहान होते कारण तिच्यात बहुतेक सगळा पांढरा कागद असतो, आणि एकसारख्या पांढऱ्या चौकोनाला जेपीईजीत जवळजवळ काहीच जागा लागत नाही. त्यात स्कॅनिंग अ‍ॅपचा कृष्णधवल फिल्टर लावला असेल तर कागदाचा पोत, सावली, शाईतली गडद-फिकट छटा सगळं पुसलं जातं आणि फाइल आणखी आक्रसते. म्हणून फिल्टर बंद करून साध्या कॅमेऱ्याने, दिवसाच्या उजेडात सहीचा पुन्हा फोटो काढा. सहीच्या भोवती थोडीच मोकळी जागा ठेवून कातरा. बोटभर सही आणि हातभर कागद असं केलं तर फाइल लहान होतेच, वर प्रवेशपत्रावर सही वाचता येत नाही.

मग गुणवत्ता १०० ठेवून फाइल जतन करा. तरीही १० केबी होत नसेल तर पिक्सेल वाढवा. सहीसाठी १४० बाय ६० हे माप दिलेलं असतं, पण त्यापुढे ते पसंतीचं आहे असंही लिहिलेलं असतं. तेच प्रमाण राखून २८० बाय १२० केलं की क्षेत्रफळ चौपट होतं आणि १० केबीचा टप्पा सहसा ओलांडला जातो. मात्र ज्या फॉर्ममध्ये "नेमकं एवढंच माप" असं लिहिलं असेल तिथे हा उपाय चालणार नाही. तिथे फक्त गुणवत्ता आणि मूळ फोटोचा पोत एवढंच हातात राहतं. आणि एक वेगळी अट सहज नजरेतून सुटते: आयबीपीएसला इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही. केबी बरोबर असले तरी अशी सही पुढे बाद होते.

प्रश्न: हाताने लिहिलेल्या घोषणापत्रासाठी "८०० बाय ४०० पिक्सेल, २०० डीपीआय, १० सेंमी बाय ५ सेंमी" असं लिहिलं आहे. माझ्या फोटोच्या माहितीत ७२ डीपीआय दिसतं. फाइल बाद होईल का?

नुसत्या त्या आकड्यामुळे नाही. फॉर्ममधली तिन्ही मापं एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतात. एका इंचात २.५४ सेंमी, म्हणजे १० सेंमी लांबीच्या कागदावर इंचाला २०० ठिपके घेतले तर ७८७ होतात. तेच पूर्णांक करून ८०० लिहिलं आहे. अंगठ्याच्या ठशाचंही तसंच: ३ सेंमीचे २३६ होतात, फॉर्ममध्ये २४० असतात.

तुमच्या फोटोतलं ७२ ही फाइलच्या सुरुवातीला लिहिलेली एक नोंद आहे. छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे एवढंच ती सांगते. ती बदलून २०० केली तरी चित्रातला एकही पिक्सेल बदलत नाही, आणि फाइलचे केबीही बदलत नाहीत. मोबाइलने फोटो काढत असाल तर ८०० बाय ४०० पिक्सेल आणि ५० ते १०० केबी एवढं सांभाळा.

स्कॅनर वापरत असाल तर मात्र डीपीआय खरोखर महत्त्वाचं, कारण किती पिक्सेल मिळणार ते तिथेच ठरतं. २०० वर अख्खा ए-फोर कागद स्कॅन केला तर सुमारे १६५४ बाय २३३९ पिक्सेल येतात. त्यातला मजकुराचा १० बाय ५ सेंमीचा भाग तेवढा कापून घ्या. अख्खा कागद लहान करून ८०० बाय ४०० मध्ये कोंबला तर अक्षरं मुंगीएवढी होतात आणि फाइल स्वीकारली जाऊनही अर्ज पुढच्या छाननीत अडकतो.

प्रश्न: मी महा-ई-सेवा केंद्र चालवतो. काही फोटो ४८ केबीचे असूनही "अवैध फाइल" येतं. काही चढतात, पण आडवे दिसतात. सीझनमध्ये एकेक फोटो तपासायला वेळ नसतो.

"अवैध फाइल" आली की आधी फाइल कुठून आली ते विचारा. आयफोनवर २०१७ पासून फोटो हेइक प्रकारात साठवले जातात. तुमच्याकडे येईपर्यंत कोणीतरी नावाच्या शेवटी `.jpg` लावलेलं असतं, पण आतला मजकूर हेइकच राहतो. चांगली तपासणी नावावर जात नाही, फाइलचे पहिले बाइट वाचते: जेपीईजी `FF D8 FF` ने सुरू होते, पीएनजी `89 50 4E 47` ने. नाव आणि आतला प्रकार जुळला नाही की फाइल बाद. नुसतं नाव बदलण्याऐवजी फाइल उघडून जेपीईजी म्हणून नव्याने जतन करणं हाच उपाय.

आडव्या फोटोंचं कारण निराळं. बरेच मोबाइल उभा फोटोही आडवाच साठवतात आणि "हा ९० अंश वळवून दाखवा" अशी नोंद सोबत ठेवतात. तुमच्या पडद्यावर ती नोंद वाचली जाते, पोर्टलवर कधी वाचली जात नाही. रुंदी-उंची तपासणाऱ्या पोर्टलला तर मापं उलटी दिसतात.

विंडोजमध्ये केबी बघताना `Size` ही ओळ वाचा, `Size on disk` नाही. दुसरी ओळ सहसा ४ केबीच्या पटीत वर गोल केलेली असते, त्यामुळे ४९ केबीची चांगली फाइल ५२ ची दिसते आणि उगाच पुन्हा दाबली जाते.

रोजच्या कामासाठी इमेजमॅजिक हे मोफत साधन बसवून घ्या. चेहरा आणि खांदे राहतील असं आधी हाताने कातरा, मग हा हुकूम द्या:

```
magick in.jpg -auto-orient -strip -resize "200x230^" -gravity center -extent 200x230 -define jpeg:extent=48KB out.jpg
```

`-auto-orient` हे `-strip` च्या आधीच हवं. आधी नोंदी पुसल्या तर फोटो कुठे वळवायचा ही माहितीही जाते आणि तो कायमचा आडवा पडतो. `jpeg:extent` वरची मर्यादा सांभाळतं, खालची सांभाळत नाही. म्हणून निकाल २० केबीच्या वर आहे ना, ते एकदा बघा.

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर सभासद फोटो चढवतात. कधी ४१३ चूक येते, कधी पूर्ण भरलेला फॉर्म "नाव लिहा" म्हणतो, कधी पान नुसतं पांढरं पडतं. सर्व्हर एनजिन्एक्स आणि पीएचपीचा आहे.

या तीन वेगळ्या दारांवरच्या तीन अडचणी आहेत. ४१३ एनजिन्एक्स देतो. काही बदल केला नसेल तर तो १ एमबीपेक्षा मोठी विनंती आत सोडत नाही. "नाव लिहा" ही पीएचपीची खूण आहे. एकूण विनंती `post_max_size` च्या वर गेली की पीएचपी फोटोबरोबर फॉर्मची सगळी माहिती टाकून देतं, म्हणून भरलेलं नावही रिकामं दिसतं. ही मर्यादा मुळात ८ एमबी असते आणि एका फाइलची `upload_max_filesize` फक्त २ एमबी. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळवा, फाइलचा सर्वांत लहान ठेवा:

```
client_max_body_size 12m;      # nginx
post_max_size = 12M            ; php.ini
upload_max_filesize = 10M      ; php.ini
```

पांढऱ्या पानामागे बहुधा पिक्सेल असतात. फोटो लहान करण्यासाठी पीएचपीची जीडी लायब्ररी तो मेमरीत पूर्ण उलगडते आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट घेते. ८१६० बाय ६१२० चा, म्हणजे ५० मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ८ एमबीचा असेल, पण उलगडल्यावर त्याला जवळजवळ २०० एमबी लागतात. `memory_limit` मुळात १२८ एमबी असते, त्यामुळे काम मध्येच थांबतं. फाइल उलगडण्याआधी माप बघा. `getimagesize` फक्त सुरुवातीची नोंद वाचतं, मेमरी खात नाही:

```
[$w, $h] = getimagesize($_FILES['photo']['tmp_name']);
if ($w * $h > 20000000) { exit('फोटो 20 मेगापिक्सेलपेक्षा लहान हवा'); }
```

ही मर्यादा फॉर्मवर, फोटो निवडायच्या बटणाशेजारीच मराठीत लिहा: किती एमबी, किती मेगापिक्सेल आणि कोणता प्रकार. सभासदाच्या मोबाइलमध्ये ५० मेगापिक्सेलची सेटिंग चालू असेल तर ती १२ वर आणून नवा फोटो काढता येतो, पण त्यासाठी अडचण एमबीची नसून पिक्सेलची आहे हे त्याला त्या पानावरच कळायला हवं.