वितरकाबरोबरचं काम गोडीत कसं थांबवायचं?

प्रश्न: आमचा मसाल्याचा छोटा उद्योग आहे. वितरकाबरोबरचं काम थांबवायचंय, पण संबंध बिघडवायचे नाहीत. पत्रात काय लिहू?

उत्तर: पत्राआधी हिशेब जुळवा. तुमचा खातेउतारा त्यांना पाठवा, त्यांचा मागवा. फरक बहुधा परत आलेल्या मालात निघतो. समजा, तुमच्या वहीत येणं ४८,००० रुपये आहे आणि त्यांच्या वहीत देणं ४१,५००. मधले ६,५०० म्हणजे परत आलेली पाकिटं, ज्यांची क्रेडिट नोट तुमच्याकडून निघालीच नाही. ती आधी काढा. जीएसटीत ती दाखवायला फार तर विक्री झाली त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते.

मग एक फोन, आणि त्यानंतर पत्र. थेट पत्रच हातात पडलं की माणूस दुखावतो. आभार नेमके माना: "कोल्हापूरकडची दुकानं तुमच्यामुळेच मिळाली." थांबण्याची कारणं उगाळू नका, वाद तिथूनच पेटतो. त्याऐवजी शेवटची ऑर्डर कधीपर्यंत, न खपलेला माल कधीपर्यंत परत घेणार, ४१,५०० कधी यायचे आणि त्यांचं डिपॉझिट कधी मिळणार, हे तारखांसह लिहा. करारात नोटिशीची मुदत असेल तर ती धरूनच तारखा द्या. सगळं चुकतं झालं की "येणं-देणं बाकी नाही" असं दोघांच्या सहीशिक्क्यानिशी लिहून ठेवा.