व्हाउचर परत आलं

"फौजेत 17 वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. वय 41. माजी सैनिकांच्या कोट्यातून सरकारी बँकेत क्लार्क लागून तिसरा महिना चालू आहे. माझी अधिकारी 26 वर्षांची आहे. परवा तिनं भर काउंटरवर माझं व्हाउचर परत टाकलं. हे गिळायचं, की नोकरी सोडायची?"

हवालदारसाहेब, नोकरी सोडायचा विषयच नाही. व्हाउचर परत का आलं, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला तेच आधी विचारायचं आहे.

बँकेत एक जण नोंद करतो, दुसरा ती तपासून पास करतो. समजा खातेक्रमांकात 45 च्या जागी 54 पडलं आणि तिनं न बघता पास केलं. पैसे भलत्याच्याच खात्यात जाणार. त्यानं ते काढून घेतले, तर जाब तुम्हा दोघांनाही द्यावा लागेल. म्हणजे व्हाउचर परत करणं हे तिचं कामच आहे, त्याचा तुमच्या वयाशी संबंध नाही. लोकांसमोर बोलली, ते मात्र चुकलंच.

त्यावर तिथेच उत्तर देऊ नका. "बघतो मॅडम" म्हणून दुरुस्ती करून टाका. संध्याकाळी कॅश टॅली झाली, शटर अर्धं खाली आलं, की दोन मिनिटं तिच्या टेबलापाशी जा. "मॅडम, आकडा माझाच चुकला होता. पुढच्या वेळी व्हाउचर शिपायाकडून परत पाठवाल का? गिऱ्हाइकासमोर जरा अवघड होतं." चूक आधी, तक्रार नंतर. क्रम उलटा झाला तर ती फक्त तक्रारच ऐकेल.

हे तुम्हाला नवीन नाही. पलटणीत 22-23 वर्षांचा लेफ्टनंट यायचा आणि 25 वर्षं नोकरी झालेले सुभेदारसाहेब त्याला सॅल्यूट करायचे. रस्ता चुकतोय हे मात्र ते त्याला बाजूला घेऊनच सांगायचे. फरक इतकाच, की तिथे खांद्यावरचे स्टार बोलायचे. इथे ते काम तुमच्या तोंडच्या 'मॅडम'ला करावं लागेल. लाडानंसुद्धा 'अगं' म्हणू नका.

माझ्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांची खरी अडचण निराळीच असते. सॉफ्टवेअरमधलं अडलं की धाकट्यांना विचारायला लाज वाटते, मग अंदाजानं बटण दाबलं जातं. कॅश काउंटरवर असा अंदाज खिशाला लागतो, कारण तूट कॅशिअरलाच भरावी लागते. कुठल्या कामाला कुठला मेनू लागतो, ते एका छोट्या वहीत लिहीत चला. पासवर्ड मात्र त्या वहीत नको, आणि "काका, द्या, मी करतो" म्हणणाऱ्या पोरालाही नको.

तरीही पंधरा दिवस लक्ष ठेवा. 24 वर्षांच्या क्लार्कची तीच चूक ती आत बोलावून सांगते आणि तुमची चारचौघांत, असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर तारखा लिहून ठेवा आणि शाखा व्यवस्थापकांना भेटा. दोघांनाही ती सारखंच झापत असेल, तर तिचा स्वभावच तिखट आहे, एवढंच.