सणाच्या पोस्ट: लिहिणारे चौघे, दुकान एकच

प्रश्न: "म्हापशात आमचं मिठाईचं दुकान आहे. इन्स्टावर आम्ही चौघं आळीपाळीने सणांच्या पोस्ट टाकतो आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. एक एजन्सी भाषेची मार्गदर्शिका करून देते म्हणतेय. घ्यावी का?"

घेऊ नका असं सरसकट म्हणणार नाही, पण पैसे द्यायच्या आधी भाषेचं पान मागून बघा. आमच्या फोंड्याच्या दुकानाला अशीच एक मिळाली होती. जाडजूड पीडीएफ, लोगोभोवती किती जागा सोडायची त्यावर पानंच्या पानं, आणि भाषेबद्दल तीन शब्द: आपुलकीची, अस्सल, खेळकर. चवथीला एकाने लिहिलं, "बाप्पा आले रे!!!" दुसरीने लिहिलं, "श्रीगणेशाच्या कृपेने आपणांस सुखसमृद्धी लाभो." दोघंही म्हणणार, आपुलकीच आहे ही! मग चूक कोणाची काढायची? एजन्सीला फोन केला तर म्हणे, ब्रँड 'फील' करा. त्यांच्या दिवाळीच्या नमुन्यात तर ना नरकासुर, ना फोव. कुठल्याही शहरातल्या दुकानाला चिकटवा, चालेल. असो.

माझं मत (तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल तर बदला): विशेषणं काढून टाका आणि बोट ठेवून तपासता येईल तेवढंच लिहा. आमचं आता एकच पान आहे. वाचणाऱ्याला 'तुम्ही', दुकानाला 'आम्ही'. उद्गारचिन्ह पोस्टमध्ये एकच, इमोजी फार तर एक, तोही शेवटी. पहिल्या ओळीत शुभेच्छा, दुसरीत त्या सणातली डोळ्यांना दिसणारी एक गोष्ट, तिसरीत दुकानाचं काम. शुभेच्छांच्या पोस्टमध्ये दर किंवा सवलत नाही, त्याची पोस्ट वेगळी.

वरच्या दोन्ही पोस्ट या साच्यातून काढल्या तर असं होतं: "चवथीच्या शुभेच्छा! माटोळी बांधून झाली असेल, आता नेवऱ्यांची घाई. आमच्या नेवऱ्या हव्या असतील तर परवा संध्याकाळपर्यंत सांगा." पानावर हा मजकूर आणि शेजारी ती दोन नाकारलेली वाक्यं, प्रत्येकापुढे कारण. नवीन मुलगी नियम वाचत नाही, ही जोडी वाचते.

दुसऱ्या ओळीसाठी सणांची यादी करून ठेवा, नाहीतर सगळ्यांना दिवे आणि रांगोळीच सुचते. सांजावाला फुलांची कोपेलं आणि विहिरीतल्या उड्या, शिगम्याला रोमटामेळ, असं. गुड फ्रायडेपुढे आम्ही स्पष्ट लिहिलंय: शुभेच्छा नाहीत, जाहिरात नाही.

पान जमलं की नाही ते असं कळतं: चौघांना एकाच सणाची पोस्ट लिहायला सांगा, नावं काढा आणि घरातल्या कोणाला तरी द्या. कुठली कोणाची हे त्यांनी लगेच ओळखलं, तर कुठल्या खुणेवरून ओळखलं ते विचारा. आमच्याकडे ती खूण टिंबं निघाली. एकजण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन टिंबं द्यायचा... तो नियम तेव्हा वाढला.

आणि हो, पोस्ट लिहो कोणीही, टाकण्याआधी वाचणारा माणूस कायम एकच ठेवा. सणाच्या गर्दीत काउंटरवर उभा असणारा नको.